रक्तदाबाच्या छोट्या सर्वेक्षणासाठी नोंदपत्रक कसं तयार करावं

एका बैठकीत एकाच व्यक्तीचा रक्तदाब तीनदा मोजला. पहिल्यांदा १५२/९४ आला, मग १३८/८८ आणि शेवटी १३४/८६. या व्यक्तीचा रक्तदाब वाढलेला धरायचा का?

सर्वेक्षणात साधारणपणे वापरली जाणारी सीमा अशी आहे: वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा आकडा ९० किंवा त्याहून जास्त. फक्त पहिली नोंद धरली तर रक्तदाब वाढलेला ठरतो. तिन्हींची सरासरी १४१.३/८९.३ येते, म्हणजे वरच्या आकड्यामुळे तरीही वाढलेलाच. पहिली नोंद सोडून पुढच्या दोनची सरासरी काढली तर १३६/८७, म्हणजे सीमेच्या आत. व्यक्ती आणि यंत्र तेच, दहा मिनिटंही तीच, तरी उत्तरं दोन. पत्रकावर ‘रक्तदाब’ असा एकच रकाना असेल तर सर्वेक्षक त्यात यांपैकी कोणता तरी आकडा लिहील. कोणता लिहिला, हे नंतर कळायला मार्ग नाही.

म्हणून पत्रक आखताना एक नियम धरावा: सर्वेक्षणाच्या जागी फक्त दिसलेलं लिहायचं. सरासरी, वर्गवारी, ‘आहे-नाही’ असले निष्कर्ष पत्रकावर नकोत, ते नंतर संगणकावर काढावेत. कच्चे आकडे हाताशी असले की सीमा बदलून पुन्हा मोजता येतं. सरासरीच लिहिलेली असेल तर तिच्यातून मूळ आकडे निघत नाहीत.

शेदोनशे लोकांच्या सर्वेक्षणाला एक कागद, दोन्ही बाजू, एवढी जागा पुरते. त्याहून लांब पत्रक केलं की लोक कंटाळतात आणि शेवटचे प्रश्न घाईत भरले जातात. पुढच्या बाजूला ओळख आणि प्रश्न घ्यावेत, मागच्या बाजूला मोजमापं. हा क्रम मुद्दाम ठेवायचा, कारण प्रश्नोत्तरांच्या वेळी व्यक्ती बसलेली असते आणि रक्तदाबाच्या आधी तिनं बसलेलं असावं लागतं. उंची, वजन आणि कंबर रक्तदाबानंतर, कारण त्यासाठी उठावं लागतं, चपला काढाव्या लागतात, कपडे सावरावे लागतात.

ओळखीचा भाग

पत्रकावर नाव लिहू नये, अनुक्रमांक लिहावा. नाव, पत्ता आणि अनुक्रमांक यांची यादी वेगळ्या वहीत ठेवावी आणि ती वही पत्रकांच्या गठ्ठ्यासोबत फिरवू नये. अनुक्रमांक दोन्ही बाजूंना आधीच छापून घेतलेला बरा. पुढची बाजू एकाची आणि मागची दुसऱ्याची, असं छायाप्रतींच्या गोंधळात खरंच होतं. संमती घेतल्याची खूण, तारीख, सर्वेक्षकाचा क्रमांक आणि रक्तदाब यंत्राचा क्रमांक हे रकानेही इथेच हवेत. यंत्राचा क्रमांक कोणी सहसा छापत नाही. पण दोन यंत्रं वापरात असतील आणि एकावरच्या नोंदी सरासरीनं सहा-सात अंकांनी जास्त येत असतील, तर ते फक्त याच रकान्यामुळे लक्षात येतं.

वयासाठी ‘पूर्ण झालेली वर्षं’ आणि ‘जन्मवर्ष’ असे दोन्ही रकाने ठेवावेत. नुसतं वय विचारलं की ४०, ४५, ५० अशी गोल उत्तरं जास्त येतात. वयाप्रमाणे रक्तदाब वाढत असल्यानं वयाची चूक पुढच्या प्रत्येक तुलनेत शिरते. गरोदर स्त्रियांसाठी वेगळी खूण ठेवावी. गरोदरपणातला रक्तदाब हा वेगळा विषय आहे, त्या नोंदी इतरांत मिसळू नयेत.

रक्तदाबाचा चौकोन

सगळ्यांत जास्त जागा याला द्यावी. छापताना साधारण असं दिसेल:

```
गेल्या ३० मिनिटांत: चहा/कॉफी __  तंबाखू __  श्रम __   (१ हो, २ नाही)
लघवी करून आले?  __                                  (१ हो, २ नाही)
शांत बसल्याची वेळ  __:__
दंडाचा घेर  ___._ सेमी      पट्टा  __ (१ लहान २ मध्यम ३ मोठा)
हात  __ (१ डावा २ उजवा)
नोंद १   वेळ __:__   वरचा ___   खालचा ___   नाडी ___
नोंद २   वेळ __:__   वरचा ___   खालचा ___   नाडी ___
नोंद ३   वेळ __:__   वरचा ___   खालचा ___   नाडी ___
```

यातले वेळेचे रकाने दिसायला फालतू वाटतात, पण त्यांचं काम मोठं आहे. मोजण्याआधी निदान पाच मिनिटं न बोलता बसायचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘स्टेप्स’ पद्धतीत तर पंधरा मिनिटं विश्रांती आणि दोन नोंदींमध्ये तीन मिनिटांचं अंतर सांगितलं आहे. प्रत्यक्षात ही पाच मिनिटं सर्वेक्षकाला मोकळी वाटतात, मग तो राहिलेले प्रश्न उरकून घेतो. बोलण्यानं रक्तदाब वाढतो, म्हणजे विश्रांती झालीच नाही. वेळा लिहायला लावल्या की निदान घाई तरी दिसते. शांत बसल्याची वेळ १०:१२ आणि तिसरी नोंद १०:१५ असेल, तर पाच मिनिटं बसणं आणि तीन नोंदी तीन मिनिटांत मावत नाहीत, हे कागदच सांगतो. मात्र दिवसाअखेर आठवून वेळा भरल्या तर हा उपयोग जातो. सगळ्या पत्रकांवर अंतर नेमकं पाच मिनिटांचंच दिसू लागलं तर त्या नंतर भरलेल्या आहेत, असं खुशाल समजावं.

दंडाचा घेर का मोजायचा? पट्टा निवडण्यासाठी. दंडाच्या मानानं पट्टा लहान असेल तर आकडा खोटा वाढतो, मोठा असेल तर काहीसा कमी येतो. हा फरक किरकोळ नसतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अतिमोठा पट्टा लागणाऱ्या लोकांना नेहमीचा पट्टा लावून पाहिला, तेव्हा वरचा आकडा सरासरी सुमारे २० अंकांनी जास्त आला. म्हणजे एकच मध्यम पट्टा घेऊन सर्वेक्षणाला निघालात तर स्थूल लोकांत वाढलेला रक्तदाब प्रत्यक्षाहून जास्त दिसणार. मग ‘वजन आणि रक्तदाब यांचा संबंध’ म्हणून जे हाती लागेल, त्यातला काही भाग पट्ट्यानंच तयार केलेला असेल. घेर आणि पट्टा हे दोन्ही लिहिलेले असले की चुकीच्या पट्ट्याच्या नोंदी वेगळ्या काढता येतात. घेर खांद्याच्या टोकापासून कोपरापर्यंतच्या अंतराच्या मध्यावर मोजायचा. कोणत्या घेराला कोणता पट्टा, हे उत्पादकानुसार बदलतं, म्हणून तुमच्या यंत्राच्या पट्ट्यांवर छापलेल्या मर्यादाच पत्रकाच्या तळाशी उतरवून घ्याव्यात.

हात कोणता, हे सर्वेक्षणाच्या सुरुवातीलाच ठरवावं आणि सगळ्यांचा तोच वापरावा. त्या हाताला जखम असेल, डायलिसिससाठी केलेली फिस्टुला असेल किंवा त्या बाजूचं स्तनाचं ऑपरेशन झालेलं असेल, तर दुसरा हात घ्यावा. म्हणून हा रकाना. हात टेबलावर टेकलेला आणि पट्टा हृदयाच्या पातळीवर हवा. हात दहा सेंटिमीटर खाली लोंबत असेल तर आकडा सात-आठ अंकांनी जास्त येतो. शरीरातल्या रक्ताच्या स्तंभाचं वजनच तेवढं भरतं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. हे सगळं रकान्यांत मावत नाही आणि मावायला नकोही. चौकोनाच्या वर दोन ओळींत सूचना म्हणून छापावं.

आता वरच्या उदाहरणाकडे परत येऊ. ‘स्टेप्स’मध्ये पहिली नोंद बाजूला ठेवून दुसऱ्या आणि तिसऱ्या नोंदीची सरासरी धरतात, कारण अनोळखी माणूस आणि दंडावर फुगणारा पट्टा यांमुळे पहिला आकडा बऱ्याचदा चढलेला असतो. १५२, १३८, १३४ ही उतरती रांग त्याचंच लक्षण आहे. बाजूला ठेवायची म्हणून पहिली नोंद लिहायचीच नाही, असं मात्र करू नये. कोणाला तिसरी नोंद देणं जमलं नाही तर ती लागते, आणि एखाद्या सर्वेक्षकाच्या सगळ्याच पत्रकांवर पहिली आणि तिसरी नोंद जवळजवळ सारखी दिसली, तर तीनदा मोजलं होतं की एकदा मोजून तीनदा लिहिलं, हा प्रश्न विचारता येतो.

सरासरी संगणकावर काढताना वर्गवारी होईपर्यंत ती पूर्णांकात आणू नये. १३९ आणि १४० यांची सरासरी १३९.५. ती आधीच पूर्णांकात आणली तर १४० होते आणि सीमेच्या आतला माणूस बाहेर जातो.

गोळीचा प्रश्न

१३६/८७ ही सरासरी आली म्हणजे प्रश्न मिटला, असं नाही. ही व्यक्ती रक्तदाबाची गोळी घेत असेल तर? तेव्हा ती ‘रक्तदाब नसलेली’ नाही, ‘रक्तदाब आहे पण आटोक्यात आहे’ अशी होते. गोळीचा प्रश्न नसलेल्या पत्रकात असे सगळे लोक निरोगी गटात जातात. उपचार जितके चांगले पोहोचले असतील तितकं मग त्या वस्तीत रक्तदाबाचं प्रमाण कमी दिसतं.

‘तुम्हाला बीपी आहे का?’ हा एकच प्रश्न इथे चालत नाही. गोळी चालू असलेला माणूस ‘आता नाही, बरं झालं’ असं प्रामाणिकपणे सांगतो. म्हणून साखळी तोडून विचारावं. डॉक्टर किंवा आरोग्य कर्मचाऱ्यानं तुमचा रक्तदाब याआधी कधी मोजला आहे का? मोजला असल्यास, तो वाढलेला आहे असं कधी सांगितलं का? आणि गेल्या दोन आठवड्यांत डॉक्टरांनी दिलेली रक्तदाबाची गोळी घेतली का? तिसऱ्या प्रश्नात ‘गेल्या दोन आठवड्यांत’ हे शब्द गाळू नयेत. ‘गोळी चालू आहे का’ याला ‘हो’ म्हणणाऱ्यांत महिन्याभरापूर्वी गोळ्या संपलेलेही असतात. जमल्यास गोळ्यांचं पाकीट दाखवायला सांगावं आणि पाकीट पाहिलं की नाही, याचा एक अक्षरी रकाना ठेवावा.

या तीन उत्तरांना मोजलेले आकडे जोडले की वस्तीचं चित्र पायऱ्यांनी उलगडतं: रक्तदाब वाढलेला किंवा गोळी चालू असलेले किती, त्यांतल्या किती जणांना ते ठाऊक होतं, ठाऊक असलेल्यांत गोळी घेणारे किती आणि गोळी घेणाऱ्यांत १४०/९० च्या आत किती. छोट्या सर्वेक्षणातून काम ठरवायचं असेल तर एकूण टक्केवारीपेक्षा या पायऱ्याच जास्त उपयोगी पडतात. कुठे गळती आहे ते कळतं.

अहवालात मात्र ‘उच्च रक्तदाबाचे रुग्ण’ असं लिहू नये. एका बैठकीच्या मोजमापावरून निदान होत नाही, त्यासाठी वेगळ्या दिवशी पुन्हा मोजावं लागतं. ‘मोजणीच्या दिवशी रक्तदाब वाढलेला’ हे शब्द नेमके आहेत.

जोखमीचे घटक: कमी प्रश्न, पण तुकड्यांत

तंबाखूबद्दल ‘व्यसन आहे का?’ असं विचारलं की उत्तर बहुतेक ‘नाही’ येतं. ओढायचा तंबाखू आणि तोंडात धरायचा किंवा नाकात ओढायचा तंबाखू हे दोन वेगळे प्रश्न करावेत आणि प्रत्येकाला चार उत्तरं द्यावीत: रोज, कधीकधी, पूर्वी घेत होतो, कधीच नाही. ‘पूर्वी’चा पर्याय नसेल तर सोडलेले लोक कुठेतरी ढकलले जातात. मद्याबद्दल गेल्या बारा महिन्यांत घेतलं का आणि गेल्या तीस दिवसांत किती दिवस घेतलं, एवढं पुरतं. घरातले इतर लोक ऐकत असतील तर या उत्तरांवर फार भिस्त ठेवू नये. ‘विचारताना शेजारी कोणी होतं का’ असा छोटा रकाना त्यासाठीच असतो.

मिठाबाबत मर्यादा ओळखून राहावं. ताटात वरून मीठ घेता का, नेहमी, बऱ्याचदा, कधीकधी, क्वचित की कधीच नाही, एवढं विचारता येतं. यातून सवय कळते, किती ग्रॅम मीठ पोटात जातं ते कळत नाही. त्यासाठी चोवीस तासांची लघवी गोळा करावी लागते, आणि ते या पत्रकाचं काम नाही. हालचालीबद्दल ‘व्यायाम करता का’ विचारलं तर दिवसभर ओझी वाहणारा माणूसही ‘नाही’ म्हणतो. कामातली, ये-जा करतानाची आणि फावल्या वेळेतली हालचाल वेगवेगळी विचारावी, प्रत्येकीचे आठवड्यातले दिवस आणि दिवसाची मिनिटं घ्यावीत. मधुमेह असल्याचं कधी सांगितलं होतं का, आणि आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांत रक्तदाब आहे का, हे दोन प्रश्न शेवटी.

उंची आणि वजन एका दशांशापर्यंत लिहावं. रकान्यात एकक छापलेलं नसेल तर काहीजण १५८ लिहितात, काहीजण १.५८, म्हणून ‘___._ सेमी’ असा साचाच द्यावा. वजनकाटा रोज सकाळी ठाऊक असलेल्या वजनानं तपासावा आणि तो आकडा दिवसाच्या पहिल्या पत्रकावर टिपावा. कंबर मोजायची ती सर्वांत खालची बरगडी आणि नितंबाच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्यावर, सहज श्वास सोडल्यावर. बेंबीवर किंवा कमरेच्या पट्ट्याच्या जागी मोजली तर वेगळा आकडा येतो आणि दोन सर्वेक्षकांचं जुळत नाही.

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती हे सांगणारा आकडा, पत्रकावर काढू नये. ६८ किलो वजन आणि १५८ सेमी उंची असेल तर तो सुमारे २७.२ येतो. जादा वजनाची जागतिक सीमा २५ ची आहे, आशियाई लोकसंख्येसाठी २३ पासूनच जोखीम वाढलेली धरतात. कोणती सीमा लावायची, हे नंतर ठरवता येतं, आणि वाटल्यास दोन्ही.

रिकामी जागा आणि ९९९

रिकामा रकाना म्हणजे काय? विचारलं नाही, की उत्तर दिलं नाही, की माहीत नाही? तिन्ही वेगळी आहेत, म्हणून प्रश्नांसाठी ७७ म्हणजे माहीत नाही आणि ८८ म्हणजे उत्तर नाकारलं, असे संकेत ठरवतात. पण हेच संकेत मोजमापांना लावले तर घोटाळा होतो. खालचा रक्तदाब ७७ किंवा ८८ असू शकतोच, नाडीही असू शकते. मोजमाप झालं नसेल तर ९९९ लिहावं, कारण कोणाचाच रक्तदाब ९९९ नसतो.

पत्रकं संगणकावर भरताना साध्या तपासण्या लावून ठेवाव्यात: वरचा आकडा खालच्यापेक्षा मोठा आहे ना, वरचा ७० ते २७० च्या बाहेर असेल तर कागद पुन्हा पाहायचा, तिसऱ्या नोंदीची वेळ पहिलीच्या नंतरची आहे ना. शेवटच्या अंकाची तपासणी मात्र बहुतेक जण विसरतात. दीडशे लोकांच्या तीन-तीन नोंदी म्हणजे वरचे साडेचारशे आकडे. डिजिटल यंत्रावर ० ते ९ यांपैकी प्रत्येक अंक शेवटी साधारण ४५ वेळा यायला हवा. शून्य जर दीडशे वेळा आला, तर कोणीतरी १३८ ला १४० लिहितंय. आणि नेमकं १४० वरच लोकांची वर्गवारी ठरते. काट्याच्या किंवा पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोनच्या खुणा असतात, तिथे शून्याचा वाटा पाचात एक, म्हणजे नव्वदच्या आसपास. ही मोजणी सर्वेक्षकवार करावी.

वरचा आकडा एच रकान्यात असेल तर एक्सेलमध्ये शेवटचा अंक असा काढतात:

```
=IF(OR(H2="",H2=999),"",MOD(H2,10))
```

सुरुवातीची अट गाळून नुसतं `MOD(H2,10)` लिहिलं तर रिकाम्या खणांचं उत्तर ० येतं, ९९९ चं ९, आणि नसलेली चूक सर्वेक्षकाच्या माथी बसते.

फाडून द्यायची चिठ्ठी

पत्रकाच्या खालच्या कडेला छिद्ररेषेखाली एक चिठ्ठी असावी, जी त्या व्यक्तीकडे राहील. तिच्यावर तारीख, तिन्ही नोंदी आणि पुढे काय करायचं यावर एक खूण. १४०/९० च्या आत असेल तर नेहमीप्रमाणे तपासत राहा. १४०/९० किंवा जास्त असेल तर वेगळ्या दिवशी आरोग्य केंद्रात पुन्हा मोजून घ्या. १८०/११० किंवा जास्त असेल तर थोडं थांबून पुन्हा मोजायचं, आणि तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचं. छातीत दुखणं, धाप, अचानक आलेली एका बाजूची अशक्तता, बोलण्यात किंवा दिसण्यात अडचण असेल तर उरलेलं पत्रक तसंच सोडून ताबडतोब रुग्णालयात न्यायचं. गोळी चालू असलेल्यांच्या चिठ्ठीवर एक ओळ जास्त छापावी: आकडा चांगला आला म्हणून स्वतःहून गोळी बंद करू नका.

पाठवलेल्यांची नोंद पत्रकावरच्या एका रकान्यात ठेवावी आणि पंधरा दिवसांनी नावांच्या वहीवरून प्रत्येकाकडे चौकशी करावी, गेले होते का आणि तिथे काय आकडा आला.